टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेआधी एपीटीटी वाढलेला, पीटी सामान्य: पुढे काय तपासायचे?

कोलकात्यातील सहा वर्षांचा एक मुलगा घ्या. टॉन्सिल इतके वाढलेले आहेत की तो रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल काढायचे ठरवले आणि नेहमीच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. अहवाल असा आला:

- प्लेटलेट: सामान्य
- पीटी: १२.५ सेकंद (सामान्य पल्ला ११ ते १४)
- एपीटीटी: ५४ सेकंद (सामान्य पल्ला २६ ते ३६)

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. आता प्रश्न असा की या मुलाला रक्तस्रावाचा धोका आहे की नाही? 'हो' म्हणण्यात चूक झाली तर श्वास अडकणारे मूल विनाकारण महिनोन्‌महिने थांबते. 'नाही' म्हणण्यात चूक झाली तर घशातला रक्तस्राव थांबत नाही. ५४ हा आकडा एकटा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. उत्तर कसे मिळवतात, ते या पाठात पायरीपायरीने पाहू. उदाहरण अभ्यासासाठी रचलेले आहे. आकडे मात्र अशा अहवालांत दिसतात त्याच पल्ल्यातले आहेत.

१. दोन चाचण्या, दोन वाटा

दोन्ही चाचण्यांत रक्तातील पेशी बाजूला काढून उरलेला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वापरतात. रक्त घेताना नळीत सायट्रेट असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. प्रयोगशाळेत योग्य तो उद्दीपक घालून कॅल्शियम परत दिले की घड्याळ सुरू होते आणि फायब्रिनची गुठळी दिसली की थांबते.

पीटीमध्ये उद्दीपक असतो टिश्यू फॅक्टर. तो फॅक्टर ७ ला जागे करतो आणि तेथून साखळी फॅक्टर १०, ५, २ आणि फायब्रिनोजेन अशी जाते.

एपीटीटीमध्ये सिलिका, केओलिन किंवा इलॅजिक आम्ल यांसारखा पदार्थ आणि थोडे फॉस्फोलिपिड घालतात. ०.१ मिली प्लाझ्मा आणि ०.१ मिली अभिकारक ३७ अंश सेल्सियसला काही मिनिटे ठेवून मग ०.१ मिली कॅल्शियम क्लोराइड घातले जाते. येथे साखळी फॅक्टर १२ पासून सुरू होते, ११, ९, ८ असे टप्पे घेते आणि फॅक्टर १० पाशी पहिल्या वाटेला मिळते.

आता अहवाल पुन्हा वाचा. पीटी सामान्य आहे, म्हणजे फॅक्टर १० पासून खालची सामाईक वाट बहुधा ठीक आहे. बिघाड असेल तर तो १२, ११, ९, ८ या वरच्या टप्प्यांत आहे, किंवा चाचणीच्या नळीत काहीतरी अडथळा आणते आहे. परिपथात दोन मार्ग एका बिंदूला मिळत असतील आणि एकाच मार्गाने संकेत उशिरा येत असेल तर दोष कोठे शोधावा, तसाच हा तर्क आहे.

२. चाचणीतला उशीर म्हणजे शरीरातला रक्तस्राव नव्हे

ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करा, कारण बहुतेक गोंधळ येथेच होतो. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे जॉन हेजमन नावाचा एक रेल्वे कामगार पोटातील व्रणाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचे रक्त काचेच्या नळीत फार उशिरा गोठते असे दिसले. पण त्याला आयुष्यात कधीच असाधारण रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ आणि जोन कोलोपी यांनी १९५५ साली हा दोष प्रसिद्ध केला. त्याच्या रक्तात जो घटक नव्हता, त्याला आज आपण फॅक्टर १२ म्हणतो. 'हेजमन फॅक्टर' हे नाव अजूनही वापरले जाते. पुढे हाड मोडून अंथरुणाला खिळलेला असताना १९६८ मध्ये हेजमनचा मृत्यू झाला, तो फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यामुळे.

याचा अर्थ काय? काचेच्या नळीत साखळी फॅक्टर १२ पासून सुरू करावी लागते, पण जखमेत ती टिश्यू फॅक्टरपासून सुरू होते. म्हणून फॅक्टर १२ नसेल तर एपीटीटी खूप लांबतो आणि तरीही जखम नीट गोठते. उलट फॅक्टर ८ किंवा ९ कमी असेल तर एपीटीटी थोडासाच वाढलेला असूनही रक्तस्राव गंभीर होऊ शकतो. सेकंदांचा आकडा धोक्याचे माप नाही. कारण कोणते, यावर धोका ठरतो.

३. आधी नमुना तपासा, मग रोग शोधा

दुसरी कोणतीही महागडी तपासणी करण्याआधी रक्त पुन्हा घ्यायचे. पहिल्या नमुन्यात चूक होण्याच्या तीन जागा नेहमीच्या आहेत.

पहिली जागा नळी अर्धवट भरण्याची. निळ्या झाकणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असे प्रमाण ठरलेले असते. समजा नळीत ०.३ मिली सायट्रेट आहे आणि रक्त २.७ मिली हवे. रडणाऱ्या मुलाच्या बारीक शिरेतून १.३५ मिलीच मिळाले, तर सायट्रेट रक्ताच्या मानाने दुप्पट झाले. हे जादा सायट्रेट नंतर घातलेले कॅल्शियमही गिळते आणि वेळ खोटाच वाढतो. हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांच्या वर असेल, उदाहरणार्थ जन्मजात हृदयदोषामुळे निळसर पडणाऱ्या मुलात, तर नळी पूर्ण भरूनही हेच घडते, कारण तेवढ्या रक्तात प्लाझ्माच कमी असतो. तेथे सायट्रेट मोजून कमी करावे लागते.

दुसरी जागा हेपारिनची. सलाइनची सुई हेपारिनने धुतली असेल आणि तेथूनच रक्त ओढले असेल, तर एपीटीटी वाढतो. पीटीच्या अभिकारकात बहुधा हेपारिन निष्प्रभ करणारा पदार्थ घातलेला असतो, म्हणून पीटी सामान्य राहतो आणि अहवाल नेमका आपल्या मुलाच्या अहवालासारखा दिसतो. थ्रॉम्बिन टाइम ही सोपी चाचणी हे उघडे पाडते: हेपारिन असेल तर तोही लांबतो.

तिसरी जागा वेळ आणि उष्णता. गरियाच्या संकलन केंद्रात सकाळी घेतलेला नमुना जूनच्या उकाड्यात वाहतुकीतून सॉल्ट लेकच्या प्रयोगशाळेत दुपारी पोचला, तर मधल्या वेळात फॅक्टर ८ घटू शकतो. एपीटीटीचा नमुना साधारणपणे चार तासांच्या आत तपासायला हवा. मात्र त्यासाठी न फिरवलेली नळी बर्फात ठेवणेही चूक आहे. थंडीने व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर ८ खोटे कमी दिसू शकतात. खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर पोचवणे हाच उपाय.

आपल्या मुलाचे रक्त थेट शिरेतून, पूर्ण नळी भरून, प्रयोगशाळेतच घेतले. एपीटीटी पुन्हा ५४, पीटी सामान्य, थ्रॉम्बिन टाइम सामान्य. म्हणजे निष्कर्ष खरा आहे आणि शोध पुढे न्यायला हवा.

४. घरच्यांना काय विचारायचे

यंत्राकडे परत जाण्याआधी एक तपासणी बाकी असते आणि ती फुकट असते. 'रक्तस्राव होतो का?' असा मोघम प्रश्न विचारला तर 'नाही' असेच उत्तर येते. म्हणून नेमके विचारावे. दुधाचा दात पडला तेव्हा रक्त किती वेळ येत होते? लसीकरणानंतर मांडीवर मोठी गाठ आली होती का? नाकातून रक्त आले तर दहा मिनिटांत थांबते का? आईला पाळीत फार रक्त जाते का? आईचे भाऊ, आईचे वडील यांना दात काढताना किंवा ऑपरेशनच्या वेळी त्रास झाला होता का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण हिमोफिलिया ए आणि बी एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडून मुलाकडे येतात.

आपल्या मुलाच्या बाबतीत उत्तरे सगळी दिलासा देणारी होती. एक गोष्ट मात्र आईने सांगितली: तीन आठवड्यांपूर्वी त्याला ताप आणि घशाचा संसर्ग झाला होता. हा धागा पुढे उपयोगी पडेल. पण लक्षात ठेवा, सहा वर्षांच्या मुलाची अजून कधी कसोटीच लागलेली नसते. सौम्य हिमोफिलियाचा पहिला मोठा रक्तस्राव टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतच होऊ शकतो. म्हणून निर्दोष इतिहासावर थांबता येत नाही.

५. मिश्रण चाचणी: कमी आहे की अडवले आहे?

१९४७ साली ब्वेनोस आयरेसमध्ये आल्फ्रेदो पाव्हलोव्स्की यांना दिसले की एका हिमोफिलिया रुग्णाचे रक्त दुसऱ्या हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तात मिसळले की दोष दुरुस्त होतो. म्हणजे दोघांत वेगवेगळी वस्तू कमी होती आणि प्रत्येकाने दुसऱ्याची उणीव भरली. फॅक्टर ८ आणि ९ हे दोन निराळे आहेत हे याच वाटेने पुढे स्पष्ट झाले. आजची मिश्रण चाचणी याच तत्त्वावर चालते.

रुग्णाचा प्लाझ्मा आणि अनेक निरोगी व्यक्तींचा एकत्र केलेला प्लाझ्मा समसमान मिसळतात आणि एपीटीटी मोजतात. रुग्णात एखादा फॅक्टर शून्य असला तरी मिश्रणात तो ५० टक्के होतो. एपीटीटी लांबायला फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या खाली जावा लागतो, म्हणून ५० टक्के पुरतात आणि वेळ सामान्य होतो. पण रुग्णाच्या प्लाझ्मात अडथळा आणणारे प्रतिपिंड, म्हणजे रोधक असेल, तर ते निरोगी प्लाझ्मालाही अडवते आणि वेळ लांबलेलाच राहतो.

आपल्या मुलाचे आकडे पाहा. रुग्ण ५४, सामान्य प्लाझ्मा ३०, मिश्रण ४५ सेकंद. दुरुस्ती झाली की नाही हे नजरेने ठरवू नये. त्यासाठी एक निर्देशांक काढतात:

निर्देशांक = (मिश्रण − सामान्य) ÷ रुग्ण × १००

येथे (४५ − ३०) ÷ ५४ × १०० = २७.८. प्रत्येक प्रयोगशाळा आपली सीमा स्वतः ठरवते. ती बहुधा १२ ते १५ च्या आसपास असते. २७.८ स्पष्टपणे वर आहे. म्हणजे दुरुस्ती झाली नाही, अडथळा आहे.

आता अडथळा कोणत्या जातीचा? मिश्रण दोन तास ३७ अंशांला ठेवून पुन्हा मोजतात. फॅक्टर ८ विरुद्धचा रोधक सावकाश काम करतो: ताजे मिश्रण दुरुस्त झाल्यासारखे दिसते, दोन तासांनी वेळ वाढतो. हा रोधक धोकादायक आहे. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट मात्र लगेच काम करतो आणि वेळेनुसार फारसा बदलत नाही. आपल्या मुलात दोन तासांनी ४६ सेकंद आले, म्हणजे जवळपास तेवढेच.

६. घोणसाच्या विषाची साक्ष

ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट हे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. बहुतेक मुलांना ल्युपस रोग नसतो आणि शरीरात हा पदार्थ रक्तस्राव घडवत नाही. तो फॉस्फोलिपिडला व त्याला चिकटलेल्या प्रथिनांना धरून बसणारा प्रतिपिंडांचा गट आहे. एपीटीटीच्या नळीत फॉस्फोलिपिड बेताचेच असते. ते अडवले गेले की प्रतिक्रिया रेंगाळते. पीटीच्या अभिकारकात फॉस्फोलिपिड भरपूर असते, म्हणून पीटी सहसा वाढत नाही. मुलांमध्ये संसर्गानंतर असे प्रतिपिंड काही काळ दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि टॉन्सिलसाठी येणारे मूल म्हणजे वारंवार घशाचा संसर्ग झालेले मूल.

याची खात्री करायला वापरतात घोणसाचे विष. घोणस सरळ फॅक्टर १० ला जागा करते. १२, ११, ९ आणि ८ हे टप्पे वगळले जातात. म्हणून हिमोफिलियात ही चाचणी लांबत नाही. विरळ विष आणि थोडे फॉस्फोलिपिड घेऊन एक वेळ मोजतात, मग भरपूर फॉस्फोलिपिड घालून दुसरी. दोन्ही वेळा सामान्य प्लाझ्माच्या वेळेने भागतात. आपल्या मुलात पहिले गुणोत्तर १.६ आले, दुसरे १.१. जास्त फॉस्फोलिपिड मिळताच वेळ आवरला. १.६ ÷ १.१ = १.४५, साधारण १.२ च्या वर गेले की ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट आहे असे मानतात.

तरीही फॅक्टर ८, ९, ११ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर मोजायचे, कारण एका मुलात दोन कारणे असू शकतात. येथे एक सापळा आहे. फॅक्टर मोजण्याची नेहमीची पद्धत एपीटीटीवरच बेतलेली असते, त्यामुळे हाच अडथळा त्या मोजणीतही शिरतो. उपाय म्हणजे प्लाझ्मा अधिकाधिक विरळ करून मोजणे. मुलाचा फॅक्टर ११ दहा पट विरळ केल्यावर ४२ टक्के, वीस पट केल्यावर ५८ आणि चाळीस पट केल्यावर ७९ टक्के आला. खरी कमतरता असती तर तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आली असती. विरळ केल्यावर आकडा चढतो, याचा अर्थ अडथळा विरळ होतो आहे आणि फॅक्टर पुरेसा आहे. फक्त पहिला आकडा वाचला असता तर मुलावर नसलेल्या रोगाचा शिक्का बसला असता. अशा मोजण्या प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाहीत. त्यासाठी कोलकाता मेडिकल कॉलेजमधील इन्स्टिट्यूट ऑफ हेमॅटॉलॉजी अँड ट्रान्सफ्युजन मेडिसिन, किंवा मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा विशेष ठिकाणी जावे लागते.

निर्णय: हा संसर्गानंतरचा ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट आहे. रक्तस्रावाचा इतिहास नाही, फॅक्टर पुरेसे आहेत, पीटी सामान्य आहे. शस्त्रक्रिया करता येते आणि 'आकडा सुधारण्यासाठी' प्लाझ्मा चढवण्याचे कारण नाही. बारा आठवड्यांनंतर चाचणी पुन्हा करायची. एक अपवाद ध्यानात ठेवा: क्वचित या प्रतिपिंडांबरोबर फॅक्टर २ विरुद्धचे प्रतिपिंडही येते, तो फॅक्टर घटतो आणि मूल खरोखर रक्तस्राव करते. तेव्हा पीटीही लांबतो. म्हणून अहवालातला 'पीटी सामान्य' हा शब्द शेवटपर्यंत कामाचा असतो.

७. मिश्रण ३३ सेकंद आले असते तर?

आता तोच मुलगा, तोच ५४ सेकंदांचा एपीटीटी, पण मिश्रण ३३ घ्या. निर्देशांक (३३ − ३०) ÷ ५४ × १०० = ५.६. दुरुस्ती झाली, म्हणजे काहीतरी कमी आहे. समजा फॅक्टर ८ निघाला १४ टक्के आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर सामान्य. हा सौम्य हिमोफिलिया ए आहे आणि सगळी योजना बदलते.

शस्त्रक्रियेआधी फॅक्टर ८ साधारण ८० ते १०० टक्क्यांपर्यंत न्यायचा असतो. डेस्मोप्रेसिन हे औषध शरीरात साठलेला फॅक्टर ८ बाहेर काढते आणि पातळी दोन ते चार पट करू शकते. तिपटीने धरली तर १४ चे ४२ होतात, जे पुरत नाहीत. म्हणून फॅक्टरचे इंजेक्शन लागते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक युनिट दिले की पातळी सुमारे २ टक्के वाढते. २० किलोच्या मुलात १४ वरून ९० वर जायला ७६ टक्के हवेत, म्हणजे किलोमागे ३८ युनिट, एकूण ७६० युनिट. आणि एकदा देऊन भागत नाही: दिलेला फॅक्टर ८ साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो, मुलांत त्याहूनही लवकर. टॉन्सिलच्या जागेवरची पांढरी खपली मात्र पाचव्या ते दहाव्या दिवसांत सुटते आणि उशिरा होणारा रक्तस्राव तेव्हाच होतो. तोवर रक्तविज्ञान तज्ज्ञांची देखरेख लागते.

फॅक्टर ११ कमी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. १९५३ मध्ये रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हा दोष प्रथम वर्णन केला, तो दात काढल्यानंतर आणि टॉन्सिल काढल्यानंतर रक्तस्राव झालेल्या एका कुटुंबात. या दोन्ही जागा तोंडातल्या असणे हा योगायोग नाही. तोंडात आणि घशात गुठळी विरघळवणारी यंत्रणा जोरात चालते, आणि फॅक्टर ११ चे एक काम गुठळीला त्या विरघळण्यापासून वाचवणे हे आहे. म्हणून येथे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, जे गुठळी विरघळणे रोखते, विशेष उपयोगी पडते. फॅक्टर ११ ची टक्केवारी आणि रक्तस्राव यांचे नाते मात्र सैल आहे. येथे कुटुंबाचा इतिहास आकड्याइतकाच बोलका असतो.

८. या चाचणीची सीमा

शेवटी उलटी बाजू पाहा. एपीटीटी सामान्य आला म्हणजे मूल सुरक्षित, असेही नाही. फॅक्टर ८ पस्तीस-चाळीस टक्के असलेल्या मुलात तो सामान्य येऊ शकतो. व्हॉन विलेब्रँड रोगाच्या सौम्य प्रकारात तर तो बऱ्याचदा सामान्यच असतो. घरात रक्तस्रावाचा ठोस इतिहास असेल तर सामान्य अहवालावर न थांबता हे फॅक्टर थेट मोजायला हवेत. मिश्रण चाचणीलाही मर्यादा आहे: दुबळा ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट निम्मा विरळ झाल्यावर दिसेनासा होतो आणि 'दुरुस्ती झाली' असे भासते.

स्वाध्याय

१. एका मुलीचा एपीटीटी ४८, सामान्य प्लाझ्मा ३०, ताजे मिश्रण ३३ आणि दोन तासांनंतरचे मिश्रण ४६ सेकंद आहे. दोन्ही निर्देशांक काढा. हा कोणत्या प्रकारचा अडथळा आहे आणि शस्त्रक्रिया का थांबवावी, ते लिहा.

२. एका मुलाचा एपीटीटी ९५ सेकंद, पीटी सामान्य, मिश्रण पूर्ण दुरुस्त, फॅक्टर ८, ९ आणि ११ सामान्य आहेत. कोणता फॅक्टर मोजाल? तो २ टक्के निघाला तर शस्त्रक्रियेबाबत काय सांगाल? हेजमनचे उदाहरण आठवून उत्तर द्या.

३. निळ्या झाकणाच्या नळीत ०.२ मिली सायट्रेट आहे आणि १.८ मिलीऐवजी १.२ मिली रक्त भरले. रक्त व सायट्रेट यांचे प्रमाण किती झाले? एपीटीटीवर परिणाम कोणत्या दिशेने होईल आणि का?